दमा की सीओपीडी, आणि पंप नेमका कसा ओढायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छातीच्या ओपीडीत रुग्ण आणि नातेवाईक पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. इनहेलरला 'पंप' हा शब्द सगळेच वापरतात म्हणून आम्हीही तोच वापरला आहे. इथलं वाचून औषध सुरू किंवा बंद करू नका. पण पुढच्या भेटीत डॉक्टरांना काय विचारायचं, हे मात्र यातून ठरवता येईल.

१. दमा आणि सीओपीडी एकच ना? दोन्हीत धापच लागते.

धाप सारखी वाटते, आजार वेगळे आहेत. दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज असते आणि त्या चटकन आवळतात. धूळ, थंड हवा, सर्दी, मांजराचे केस, जोराचं हसणं असं काहीही निमित्त पुरतं. औषधाने किंवा आपोआप त्या पुन्हा मोकळ्या होतात. म्हणून दम्याच्या माणसाचे काही दिवस अगदी उत्तम जातात आणि काही रात्री बसून काढाव्या लागतात.

सीओपीडीत वर्षानुवर्षांच्या धुराने लहान श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात आणि बऱ्याच जणांच्या फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्याही फाटतात. हे नुकसान भरून येत नाही. त्यामुळे धाप रोजची असते आणि हळूहळू वाढत जाते. आधी चढण चढताना, मग सपाटीवर, मग अंघोळ करताना.

२. घरच्या घरी ओळखता येतं का?

अंदाज बांधता येतो, निदान करता येत नाही. लहानपणापासून किंवा तरुणपणी सुरू झालेला त्रास, पहाटे दोन-तीनला खोकल्याने जाग येणं, छातीत सूं-सूं आवाज, सोबत शिंका किंवा अंगावर खाज, आणि घरात आणखी कुणाला दमा असणं, हे सगळं दम्याकडे बोट दाखवतं. चाळिशीनंतर सुरू झालेली धाप, रोज सकाळी बेडका पडणं, 'पूर्वी न थांबता देवळापर्यंत जायचो, आता दोनदा बसावं लागतं' अशी तक्रार आणि धुराशी जुना संबंध असेल तर सीओपीडीचा विचार आधी होतो.

एक सावधगिरी. रात्री आडवं झाल्यावर धाप आणि पायांवर सूज असेल तर दोष हृदयाचा असू शकतो. आणि दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर पंपाआधी थुंकीची टीबीसाठी तपासणी झाली पाहिजे.

३. आईने जन्मात बिडी-सिगारेट ओढली नाही. तिला सीओपीडी कसा?

हा प्रश्न आमच्याकडे सर्वांत दुखऱ्या आवाजात येतो, कारण निदान ऐकून घरच्यांना वाटतं की डॉक्टरांनी काहीतरी चुकीचं गृहीत धरलं. तसं नाही. धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये सविस्तर लिहिलं होतं, आणि त्यात चुलीच्या धुराला मोठं स्थान होतं. बंद स्वयंपाकघरात लाकूड, गोवऱ्या, तुराट्या जाळून वीस-तीस वर्षं रोज दोन वेळा भाकरी थापणाऱ्या बाईच्या छातीत गेलेला धूर थोडा नसतो.

गॅस आला तरी पाणी तापवायला चूल चालूच असते, हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. बंद खोलीत रात्रभर जळणारी डासांची कॉइलही याच यादीत येते. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण साधारण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात, असं २००३ सालच्या एका अभ्यासात मोजलं गेलं आहे. मच्छरदाणी लावा. जुना टीबी बरा झाल्यावरही श्वासनलिका कायमच्या अरुंद राहू शकतात, म्हणून तो इतिहास डॉक्टरांना जरूर सांगा.

४. स्पायरोमेट्रीच्या रिपोर्टमध्ये नेमकं काय बघतात?

खोल श्वास घेऊन नळीत पूर्ण ताकदीने फुंकायचं असतं. एकूण किती हवा बाहेर आली आणि त्यातली पहिल्या सेकंदात किती, हे यंत्र मोजतं. निरोगी माणूस बहुतेक हवा पहिल्याच सेकंदात बाहेर टाकतो. नळ्या अरुंद असल्या की वेळ लागतो. मग साल्ब्युटामॉल या नळ्या पटकन उघडणाऱ्या औषधाचे चार फवारे देऊन दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. खरी गोष्ट इथे कळते, म्हणून 'औषधानंतरची' चाचणी न करता दिलेला रिपोर्ट अर्धाच असतो.

समजण्यासाठी दोन उदाहरणं घेऊ. चौतीस वर्षांचा एक तरुण. एकूण हवा ३.६ लिटर, पहिल्या सेकंदात २.१, म्हणजे ५८ टक्के. औषधानंतर एकूण ३.७ आणि पहिल्या सेकंदात २.७, म्हणजे ७३ टक्के. पहिल्या सेकंदाची हवा ६०० मिलिलिटरने, जवळपास २९ टक्क्यांनी वाढली. ही वाढ निदान २०० मिलिलिटर आणि १२ टक्के असेल तर ती लक्षणीय धरतात. इथे ती कितीतरी जास्त आहे आणि नळ्या जवळपास पूर्ण उघडल्या. हा दमा.

दुसरं उदाहरण अठ्ठावन्न वर्षांच्या, आयुष्यभर चुलीवर स्वयंपाक केलेल्या बाईंचं. एकूण २.१, पहिल्या सेकंदात १.१, म्हणजे ५२ टक्के. औषधानंतर २.२ आणि १.१७, म्हणजे ५३ टक्के. वाढ फक्त ७० मिलिलिटर. औषधानंतरही हे प्रमाण ७० टक्क्यांच्या खालीच राहिलं. लक्षणं आणि धुराचा इतिहास जोडीला असताना याला सीओपीडी म्हणतात.

सगळे रिपोर्ट इतके स्वच्छ येत नाहीत. सीओपीडीच्या काही रुग्णांतही औषधाने बरीच वाढ दिसते, आणि वर्षानुवर्षं उपचार न घेतलेल्या दम्यात ती दिसेनाशी होते. म्हणून आकडा आणि माणसाची कहाणी एकत्रच वाचावी लागते.

५. माझा रिपोर्ट नॉर्मल आला. मग मला दमा नाही?

तसं म्हणता येत नाही. दमा ये-जा करतो, आणि चाचणीच्या दिवशी नळ्या मोकळ्या असतील तर रिपोर्ट नॉर्मलच येणार. अशा वेळी पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकीचा वेग मोजणारं छोटं यंत्र, उपयोगी पडतं. सकाळ-संध्याकाळ तीन-तीनदा फुंकून त्यातला सर्वांत मोठा आकडा वहीत लिहा. असं दोन आठवडे केलं की चढ-उतार दिसतो. पहाटेचा आकडा संध्याकाळपेक्षा वारंवार बराच खाली येत असेल तर ती वही डॉक्टरांच्या हातात द्या.

६. माझा आणि शेजारच्या काकांचा पंप एकाच कंपनीचा आहे. माझा संपला तर त्यांचा चालेल?

नाही, आणि दोन आजार वेगळे ओळखायचं खरं कारणही हेच आहे. दम्यात उपचाराचा कणा म्हणजे सूज उतरवणारं इनहेल्ड स्टिरॉइड. ते नसताना नुसतं नळ्या उघडणारं औषध घेत राहिलं तर आराम वाटत राहतो, सूज मात्र आत वाढत जाते आणि एखादा ॲटॅक जिवावर बेततो. म्हणूनच जागतिक दमा मार्गदर्शक संस्था 'जिना'ने २०१९ पासून फक्त साल्ब्युटामॉलवर दमा सांभाळू नये असं सांगितलं.

सीओपीडीत उलट आहे. तिथे कणा म्हणजे नळ्या दीर्घकाळ उघड्या ठेवणारी औषधं, बहुतेकदा दोन मिळून. स्टिरॉइड सरसकट देत नाहीत, कारण त्याने न्यूमोनियाचा धोका वाढतो. वारंवार ॲटॅक येणाऱ्या आणि रक्तात इओसिनोफिल पेशी जास्त असलेल्या रुग्णांना ते जोडतात. थोडक्यात, काकांना योग्य असलेला पंप दम्याच्या माणसासाठी अपुरा आणि धोक्याचाही असू शकतो.

७. पंपाची सवय लागते म्हणतात. त्यात स्टिरॉइडही असतं ना?

सवय लागत नाही. पंप बंद केल्यावर त्रास परत येतो, कारण दमा तिथेच असतो. बीपीची गोळी सोडल्यावर बीपी वाढतं, त्याला कुणी सवय म्हणत नाही.

स्टिरॉइडची भीती मात्र आम्ही उडवून लावत नाही, कारण ती गोळ्यांच्या अनुभवातून आलेली असते. ॲटॅकमध्ये दिली जाणारी प्रेडनिसोलोनची दिवसाची मात्रा ३० ते ४० मिलिग्रॅम असते. पंपातून अनेकांना दिवसाला २०० ते ४०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड मिळतं. औषधं वेगळी असल्याने आकड्याला आकडा लावता येत नाही, तरी एका मिलिग्रॅममध्ये हजार मायक्रोग्रॅम असतात हे ध्यानात घ्या. शिवाय पंपाचं औषध थेट नळ्यांत जातं. नेहमी दिसणारे त्रास म्हणजे आवाज बसणं आणि तोंडात पांढरा बुरशीचा थर. प्रत्येक वेळी चूळ भरून, गुळण्या करून पाणी थुंकून टाकलं तर दोन्ही बरेच टळतात.

खरी काळजी त्यांची वाटते, जे पंपाला घाबरून दुकानातून 'दम्याची बारीक गोळी' किंवा कुठलीशी पुडी आणून महिनोन्महिने खातात. गोळीतलं स्टिरॉइड सगळ्या शरीरात जातं. पुडीत काय आहे ते तर कुणालाच माहीत नसतं.

८. फवाऱ्याचा पंप ओढायची बरोबर पद्धत कोणती?

टोपी काढा, तोंडाच्या भागात कचरा नाही ना बघा. पंप उभा धरून चार-पाच वेळा हलवा. नवा असेल किंवा बरेच दिवस वापरला नसेल तर आधी दोन-तीन फवारे हवेत सोडा. मान ताठ ठेवा, पंपापासून तोंड वळवून श्वास बाहेर सोडा. तोंडाचा भाग दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटा. आता हळूहळू श्वास आत घ्यायला सुरुवात करा आणि सुरुवात होताच एकदाच दाबा. श्वास न तोडता चार-पाच सेकंद ओढत राहा. पंप काढा, तोंड मिटून मनात दहा मोजेपर्यंत श्वास रोखा. दुसरा फवारा हवा असेल तर अर्धं ते एक मिनिट थांबून, पुन्हा हलवून, सगळं पहिल्यापासून करा.

सगळा भर 'हळू' या शब्दावर आहे. फवारा वेगातच सुटतो. त्यात तुम्ही जोरात ओढलं तर औषध घशाच्या मागच्या भिंतीवर आपटून तिथेच चिकटतं. दुसरी मोठी चूक म्हणजे थंड फवारा घशाला लागताच दचकून श्वास थांबवणं. आरशासमोर करून बघा. तोंडातून किंवा नाकातून धुकं बाहेर येताना दिसलं तर ते औषध वाया गेलं.

९. स्पेसर लागतोच का? तो तर लहान मुलांसाठी असतो ना?

स्पेसर म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी. फवाऱ्याचा पंप असेल तर ती मोठ्यांनीही वापरावी, असं आमचं ठाम मत आहे. चांगल्या पद्धतीनेही फवाऱ्यातला साधारण १० ते २० टक्केच भाग फुप्फुसात पोचतो, बाकीचा तोंडात आणि घशात राहतो. स्पेसरमध्ये मोठे थेंब नळीतच अडकतात, दाबणं आणि ओढणं एकाच क्षणी जुळवावं लागत नाही आणि घसाही वाचतो. एका वेळी एकच फवारा सोडा आणि लगेच श्वास घ्या. एक खोल श्वास जमत नसेल तर पाच-सहा साधे श्वास चालतात. लहान मुलांना मास्क लागतो, आणि तो चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे. रडणाऱ्या मुलाच्या तोंडासमोर लांबून फवारलं तर फारसं काही आत जात नाही.

स्पेसर आठवड्यातून एकदा कोमट साबणपाण्यात बुडवा आणि कपड्याने न पुसता तसाच सुकू द्या. पुसल्याने प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला चिकटतं. विकत आणायला वेळ नसेल तर अर्ध्या लिटरची प्लॅस्टिकची बाटलीही कामाला येते. बुडाला पंपाच्या तोंडाइतकं भोक पाडायचं, पंप बसवून कडेने चिकटपट्टीने बंद करायचं आणि बाटलीच्या तोंडातून श्वास घ्यायचा. दक्षिण आफ्रिकेत मुलांच्या ॲटॅकमध्ये अशी बंद बाटली नेहमीच्या स्पेसरइतकीच उपयोगी ठरली होती.

१०. माझा रोटाकॅपचा पंप आहे. तोही हळूच ओढायचा का?

नाही, इथे बरोबर उलट. कॅप्सूलमधली पावडर दाबाने सुटत नाही, तुमच्या श्वासाच्या ओढीनेच ती मोकळी होते. म्हणून पहिल्या क्षणापासून जोरात आणि खोल ओढायचं. हळू ओढलं तर पावडर यंत्रातच राहते किंवा जिभेवर पडते.

कोरड्या हातांनी कॅप्सूल वेळेवरच पाकिटातून काढा. ती आपापल्या यंत्राच्या पद्धतीने बसवून फोडा किंवा टोचा. श्वास बाहेर सोडताना यंत्रात कधीच फुंकू नका, कारण ओलाव्याने पावडरीच्या गुठळ्या होतात. ओढून झाल्यावर दहा सेकंद श्वास रोखा. मग यंत्र उघडून बघा, पावडर उरली असेल तर पुन्हा ओढा. कोकणात पावसाळ्यात सकाळची कॅप्सूल रात्रीच यंत्रात भरून ठेवणारे बरेच जण आहेत. दमट हवेत ते औषध खराब होतं. आणि हो, ही कॅप्सूल गिळायची नसते. दरवर्षी कुणीतरी गिळतंच, कारण औषधाच्या दुकानात हातात पडताना ती गोळ्यांच्याच पिशवीत असते.

पाच-सहा वर्षांखालची मुलं, खूप अशक्त वृद्ध आणि ॲटॅकच्या वेळी कुणीही इतकं जोरात ओढू शकत नाही. त्यांच्यासाठी स्पेसरसह फवारा बरा.

११. नियमित पंप घेऊनही फरक नाही. औषध बदलायचं का?

आधी पद्धत तपासा. पंप घेऊन या आणि नर्ससमोर एकदा ओढून दाखवा. दिवसातून दोन्ही वेळा न चुकता पंप ओढणाऱ्या एका काकूंची पद्धत बघितली, तेव्हा त्या फवारा आधी तोंडात सोडत, मग पंप काढून श्वास घेत. औषध न बदलता स्पेसर दिला आणि रात्रीचा खोकला थांबला.

पद्धत ठीक असेल तर हे विचारा: दोन वेगळ्या प्रकारचे पंप आहेत का? एक हळू आणि एक जोरात ओढायचा असेल तर दोन्हींची गल्लत होते, म्हणून शक्यतो एकाच प्रकारची यंत्रं मागा. औषध संपलं तर नाही ना? डोस-काउंटर नसेल तर सुरू केल्याची तारीख पंपावर लिहा. १२० फवाऱ्यांचा पंप रोज चार फवाऱ्यांनी तीस दिवसांत संपतो. त्यानंतरही 'फुस्स' आवाज येतो, पण तो वायूचा असतो. पाण्यात तरंगवून बघण्याची पद्धत भरवशाची नाही.

१२. सीओपीडी बरा होतच नाही, मग पंप कशाला?

कारण धाप कमी होते, ॲटॅक कमी येतात आणि माणूस स्वतःच्या पायांनी फिरतो. फुप्फुसांची घसरण मंदावण्यासाठी सर्वांत महत्त्वाचं म्हणजे धूर थांबवणं, मग तो बिडीचा असो की चुलीचा. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशी घ्या. रोज चाला. धाप लागली की नाकाने श्वास घेऊन शिट्टी वाजवताना करतो तसा ओठांचा चंबू करून, आत घ्यायला लागला त्याच्या दुप्पट वेळात सोडा. याने आत अडकलेली हवा बाहेर पडायला मदत होते.

१३. दम्याचा ॲटॅक आला तर किती फवारे घ्यायचे?

डॉक्टरांनी लेखी योजना दिली असेल तर तीच पाळा. नसेल तर ताठ बसा आणि साल्ब्युटामॉल स्पेसरमधून एक-एक करून चार ते दहा फवारे घ्या. वीस मिनिटांत फरक नसेल तर पुन्हा घ्या आणि दवाखान्याकडे निघा, वाटेतही घेत राहा. एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ निळसर दिसतात, माणूस गुंगीत जातो किंवा घरघर अचानक थांबूनही धाप तशीच आहे, यांपैकी काहीही दिसलं तर वीस मिनिटं थांबू नका. १०८ ला फोन करा.

१४. बाबांना सीओपीडी आहे. ऑक्सिजन ९० दाखवतोय, यंत्राचा प्रवाह वाढवू का?

स्वतःहून वाढवू नका. सीओपीडीच्या ॲटॅकमध्ये ऑक्सिजनचं लक्ष्य ८८ ते ९२ टक्के ठेवतात. कोविडच्या काळात ९४ च्या खाली आलं की घाबरायचं, हे सगळ्यांच्या मनात बसलं, पण यांना तो नियम लागू नाही. गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजनने काही रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. माणूस शांत झोपलाय असं वाटतं, प्रत्यक्षात तो गुंगीत जात असतो. सकाळी डोकं दुखणं, हात फडफडणं, जागं करायला कठीण जाणं ही त्याची चिन्हं आहेत. ऑक्सिजन ८८ च्या खाली किंवा धाप नेहमीपेक्षा जास्त असेल तर मात्र लगेच दवाखान्यात न्या.

१५. आजीला लिहिता-वाचता येत नाही. तिला कसं शिकवू?

'कळलं का?' असं विचारू नका, त्यावर 'हो'च येतं. 'आता तू मला शिकव' म्हणा आणि बघत राहा. चुकलेली एकच पायरी दुरुस्त करून पुन्हा करून घ्या. रोजच्या पंपाला टिकली चिकटवा, त्रासाच्या वेळचा पंप बिनटिकलीचा. पंप दात घासायच्या ब्रशजवळ ठेवला की गुळण्याही आपोआप होतात. शिकवलेलं चार-सहा आठवड्यांत निसटायला लागतं, म्हणून महिन्याने पुन्हा ओढून दाखवायला सांगा. आशाताई आणि नर्सताईंनाही आमची हीच विनंती आहे.

१६. गरोदरपणात आणि उपवासात पंप चालतो का?

दोन्हीत चालू ठेवा. गरोदरपणात आटोक्याबाहेरचा दमा बाळाला पंपापेक्षा जास्त घातक असतो. उपवासाचं म्हणाल, तर पंप हे अन्न नव्हे. पावडरच्या कॅप्सूलमध्ये दुधातली थोडी साखर असते, ती उपवासाला अडत नाही.

१७. मला सगळं नीट चालू असताना दमा अचानक वाढला. पंपाची पद्धतही बरोबर आहे. आणखी काय असू शकतं?

नवी औषधं बघा. काचबिंदूसाठी दिले जाणारे टिमोलॉल या बीटा-ब्लॉकर औषधाचे डोळ्यांचे थेंब अश्रुनलिकेतून नाकात उतरून रक्तात जातात आणि नळ्या आवळू शकतात. डोळ्यांच्या डॉक्टरांना 'दमा आहे' हे सांगायचं राहून जातं. दम्याच्या काही रुग्णांना, विशेषतः नाकात पॉलिप असणाऱ्यांना, ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळीने तासा-दोन तासांत जोरदार ॲटॅक येतो. त्यांनी पॅरासिटामॉल कितपत चालेल हे डॉक्टरांना विचारून ठेवावं.

सीओपीडीसोबत हृदयविकार असेल तर मात्र हृदयासाठी दिलेला बीटा-ब्लॉकर या भीतीने परस्पर बंद करू नका. मुख्यतः हृदयावर काम करणारे बीटा-ब्लॉकर सीओपीडीत सहसा चालतात, आणि ते अचानक सोडणं हृदयाला महागात पडतं.